चमकी बुखार : एका साथीच्या तपासाचा आढावा

बिहारमधल्या मुझफ्फरपूर जिल्ह्यात १९९५ पासून मे महिन्याच्या उत्तरार्धात एक आजार डोके वर काढत आला आहे. रात्री नेहमीसारखे खेळून झोपलेले चार-पाच वर्षांचे मूल पहाटे किंचाळत उठते, त्याचे हातपाय ताठ होतात, झटके येऊ लागतात आणि थोड्याच वेळात शुद्ध हरपते. कित्येक मुले त्याच दिवशी दगावतात. तिकडची माणसे याला ‘चमकी बुखार’ म्हणतात. जुलैमध्ये पाऊस स्थिरावला की आजार जणू पुसला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दिसत नाही.

२०१३ मध्ये तिथल्या दोन मोठ्या रुग्णालयांत अशी १३३ मुले नोंदली गेली आणि त्यांपैकी ५९ गेली. २०१४ मध्ये २६ मे ते १७ जुलै या काळात ३९० मुले दाखल झाली, १२२ वाचली नाहीत. जवळपास वीस वर्षे कारण सापडत नव्हते. दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्र यांनी मिळून २०१४ च्या साथीचा केलेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला, तेव्हा लिची हे फळ आणि उपाशी झोपणे यांच्याकडे स्पष्ट बोट दाखवले गेले. वाद मात्र तिथे संपला नाही. साथीचा तपास पायरीपायरीने कसा होतो आणि प्रत्येक पायरीवर काय चुकू शकते, हे समजून घ्यायला आपल्या देशातले याहून बोलके उदाहरण माझ्या माहितीत नाही.

निदानाची खातरजमा

साथरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तपासाचे टप्पे साधारण ठरलेले असतात. साथ खरोखर आहे का हे पाहायचे, निदान पक्के करायचे, रुग्णाची व्याख्या ठरवून रुग्ण शोधायचे, ते कधी, कुठे आणि कोणाला झाले याची मांडणी करायची, त्यावरून उगमाविषयी गृहीतक बांधायचे आणि ते तपासायचे. प्रत्यक्षात हे टप्पे एकमेकांत मिसळतात. गावात मुले मरत असताना कुणी एकेक रकाना भरत बसत नाही. तरीही दुसऱ्या टप्प्याला घाई करून चालत नाही, हे मुझफ्फरपूरने दाखवले.

पहिला प्रश्न तिथे सोपा होता. एखाद्या ठिकाणी नवा डॉक्टर आला, नवी चाचणी सुरू झाली किंवा नोंदणी सुधारली तरी आकडे फुगतात आणि साथीचा भास होतो. मुझफ्फरपूरमध्ये तशी शंका घ्यायला जागा नव्हती, कारण वॉर्डातल्या खाटा खरोखरच भरत होत्या. अडचण निदानाची होती. ताप, झटके आणि बेशुद्धी असे चित्र दिसले की उत्तर भारतातल्या डॉक्टरांच्या मनात आधी मेंदूज्वर येतो. शेजारच्या गोरखपूर पट्ट्यात २००५ मध्ये जपानी मेंदूज्वराची मोठी साथ येऊन गेली होती. त्याच सुमारास देशभरच्या देखरेखीसाठी ‘तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह’ ही संज्ञा रूढ झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे एईएस म्हणतात. ताप आणि त्यासोबत शुद्धीत बदल किंवा नव्याने आलेले झटके असलेला कोणीही या संज्ञेत बसतो.

देखरेखीचे जाळे मोठे असावे म्हणून ही संज्ञा मुद्दाम सैल ठेवलेली आहे आणि त्या कामासाठी ती योग्यही आहे. पण तिच्या नावातच ‘मेंदूज्वर’ आहे, म्हणजे मेंदूला आलेली सूज. सूज म्हटले की जंतू शोधायचे. मेंदूला सूज न येताही त्याचे काम कोलमडू शकते. रक्तातली साखर घसरली, विष गेले किंवा यकृत बंद पडले तरी बाहेरून दिसणारी लक्षणे तीच असतात. या दोहोंत फरक करण्याचा हाताशी असलेला मार्ग म्हणजे पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी. सूज असेल तर त्यात पांढऱ्या पेशी वाढतात. मुझफ्फरपूरच्या बहुतेक मुलांच्या पाण्यात त्या वाढलेल्या नव्हत्या. अनेक मुलांना दाखल होताना तापही नव्हता. आणि बऱ्याच मुलांच्या रक्तातली साखर धोकादायकरीत्या कमी होती. २०१४ मध्ये ज्यांची साखर मोजली गेली अशा ३२७ मुलांपैकी २०४ जणांची ती ७० मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली होती.

विषाणू शोधणाऱ्यांना यावरून दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि आपल्या विदर्भाच्या बाजूला लहान मुले अशीच काही तासांत दगावत होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तिथे चांदीपुरा विषाणू असल्याचे दाखवले. हा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात पहिल्यांदा सापडला होता, त्यावरून त्याचे नाव पडले. तेव्हाही काही तज्ज्ञांचे म्हणणे वेगळे होते. मुलांची लक्षणे मेंदूच्या सुजेपेक्षा तिथल्या रक्तपुरवठ्याच्या बिघाडाशी जुळतात, असे ते सांगत होते. म्हणजे झटपट मृत्यू होतो म्हणून विषाणू नाही, असेही म्हणता येत नाही. चाचणी करूनच ठरवावे लागते. मुझफ्फरपूरच्या नमुन्यांत जपानी मेंदूज्वरासह इतर ज्ञात विषाणूंचा शोध वारंवार घेतला गेला आणि सगळी मुले एका धाग्यात ओवता येतील असा कोणताच विषाणू हाती लागला नाही.

रुग्ण कोणाला म्हणायचे

२०१४ च्या तपासातली सर्वात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते की, त्या पथकाने व्याख्या बदलली. पंधरा वर्षे वा त्याखालचे, नव्याने झटके आलेले किंवा शुद्ध बदललेले, त्या दोन रुग्णालयांत दाखल झालेले मूल म्हणजे रुग्ण, असे त्यांनी ठरवले. तापाची अट त्यात नव्हती. ही बाब किरकोळ वाटेल, पण तापाची अट ठेवली असती तर ताप नसलेली मुले मोजणीतूनच गळाली असती. उरलेल्या मुलांमध्ये जंतुसंसर्गाची सरमिसळ वाढली असती आणि कारणाचा माग आणखी पुसट झाला असता.

इथे दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. सैल व्याख्येत फारसे कोणी सुटत नाही, पण भलतेच रुग्ण आत येतात आणि खऱ्या कारणाचा संबंध पातळ होतो. घट्ट व्याख्येत खात्री वाढते, पण आपण आधीच जे मानले आहे तेच पुन्हा सापडण्याचा धोका असतो. ‘कमी साखर’ हीच अट घातली असती तर सगळ्या रुग्णांत साखर कमीच निघाली असती आणि त्यातून काहीच सिद्ध झाले नसते. म्हणून व्याख्येत लक्षणे, वय, जागा आणि काळ असावा; ज्या कारणाचा संशय आहे ते मात्र त्यात नसावे. या नियमावर क्षेत्रात आज फारसे दुमत नाही. तो पाळण्याची अडचण अशी की, संशय पुष्कळदा व्याख्येच्या शब्दांत नकळत शिरलेला असतो. ‘मेंदूज्वर’ हा शब्द तसाच शिरला होता.

साथीचा आलेख

रुग्णांची यादी तयार झाली की आलेख काढतात. आडव्या रेषेवर आजार सुरू झाल्याची वेळ आणि उभ्या रेषेवर रुग्णांची संख्या, बस इतकेच. दाखल होण्याची तारीख नव्हे, लक्षण सुरू झाल्याची तारीख घ्यायची असते, कारण लांबच्या गावातून यायला दिवस गेला तर आलेख विनाकारण सरकतो. एका लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना विषबाधा झाली तर आलेख एकदम उंच चढतो आणि उतरतो. सगळे रुग्ण त्या आजाराच्या एका अधिशयन काळात, म्हणजे जंतू पोटात गेल्यापासून लक्षणे येईपर्यंतच्या अवधीत, सामावतात. आजार ठाऊक असेल तर शिखरापासून सरासरी अधिशयन काळ मागे मोजला की पंगतीच्या जेवणाची वेळ मिळते. माणसापासून माणसाला पसरणाऱ्या आजारात मात्र एकामागून एक अशा लाटा दिसतात आणि प्रत्येक लाटेतले अंतर अधिशयन काळाएवढे असते. विहीर किंवा नळ दिवसेंदिवस दूषित राहिला तर आलेखाचा माथा पसरट होतो.

आलेख किती तासांच्या किंवा दिवसांच्या पट्ट्यांत काढायचा यावर त्याचे बोलणे अवलंबून असते. पट्टी अधिशयन काळाच्या तिसऱ्या ते आठव्या हिश्श्याएवढी असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण मुळात आजारच ठाऊक नसेल तर अधिशयन काळ कुठून आणायचा? अशा वेळी वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्यांत दोन-चार आलेख काढून पाहणे एवढाच उपाय उरतो.

मुझफ्फरपूरचा आलेख दिवसांच्या पट्टीत काढला तर मेच्या शेवटापासून जूनपर्यंत एक टेकडी दिसते. ती पंगतीसारखी टोकदार नाही आणि संसर्गासारखी लाटांची नाही. आता ही टेकडी लिचीच्या हंगामावर तंतोतंत बसते, कारण तिथली प्रसिद्ध शाही लिची मेच्या उत्तरार्धात उतरू लागते. पण तीच टेकडी उन्हाच्या तडाख्यावरही तितकीच बसते, बागांत होणाऱ्या फवारणीवरही आणि डासांच्या हंगामावरही थोडीफार बसते. जे जे उन्हाळ्यात वाढते आणि पावसाने थांबते, ते सगळे या आलेखापुढे सारखेच दोषी ठरते. आलेखाची मर्यादा इतकी स्वच्छ क्वचितच दिसते.

पट्टी बदलली तेव्हा मात्र चित्र पालटले. झटके कोणत्या तारखेला सुरू झाले यापेक्षा किती वाजता सुरू झाले हे पाहिल्यावर पहाटे तीन ते सकाळी आठ या वेळेत गर्दी दिसली. उष्माघाताने मूल पडायचे तर ते भर दुपारी पडेल. विषाणूला घड्याळ कळत नाही. पहाटेची वेळ ही रात्रभर पोट रिकामे राहिल्यानंतरची असते. आलेखातून मिळालेला हा सर्वात मोलाचा सुगावा होता, आणि वेळ न नोंदवता नुसती तारीख नोंदवली असती तर तो कायमचा हरवला असता.

जागेच्या मांडणीनेही तितकीच मदत केली. रुग्ण गावोगाव विखुरलेले होते. एका गावात बहुधा एकच मूल आजारी पडे आणि त्याच घरातली, त्याच अंगणातली इतर मुले ठीक असत. संसर्ग असता तर भावंडांत, शेजारात पुंजके दिसायला हवे होते. माणसांच्या बाजूने पाहिले तर रुग्ण लहान होते, गरीब घरांतले होते आणि बरेचसे कुपोषित होते. बागांमध्ये गळून पडलेली लिची मुले दिवसभर वेचून खातात, घरी येऊन पेंगतात आणि जेवण न घेताच झोपतात, हे त्या भागातले नेहमीचे दृश्य होते.

गृहीतक कुठून येते

उगमाचे गृहीतक कुठून येते, यावर क्षेत्रात दोन प्रवाह आहेत. एक म्हणतो, आधी रुग्णांशी मोकळेपणाने बोला. खाणे, पाणी, प्रवास, प्राणी असे सगळे विचारा आणि जे पुन्हा पुन्हा ऐकू येते त्यावरून अंदाज बांधा. दुसरा म्हणतो, माणसाची आठवण कच्ची असते. तेव्हा आजाराच्या जीवशास्त्रावरून किंवा प्रयोगशाळेतून सुरुवात करा. पहिल्या मार्गाचा धोका जर्मनीत २०११ मध्ये दिसला. तिथे एका घातक जिवाणूने ५४ बळी घेतले. पहिल्या मुलाखतींत लोकांनी टोमॅटो, काकडी आणि सॅलडची पाने खाल्ल्याचे सांगितले आणि स्पेनच्या काकड्यांवर आळ आला. पुढे एका रेस्तराँच्या पाककृती आणि ग्राहकांनी मागवलेले पदार्थ ताडून पाहिले, तेव्हा कडधान्यांचे मोड दोषी निघाले आणि माग इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत गेला. ताटाच्या कडेला पेरलेले मोड खाल्ल्याचे फार थोड्यांना आठवले होते.

मुझफ्फरपूरमध्ये दोन्ही मार्ग एकत्र आले. व्हेल्लोरचे ज्येष्ठ विषाणुशास्त्रज्ञ टी. जेकब जॉन आणि लखनौचे विषशास्त्रज्ञ मुकुल दास यांनी २०१४ मध्ये हा आजार विषजन्य असावा असे मांडले. त्यांचा धागा जमैकाकडे जातो. तिथे आकी नावाचे फळ कच्चे खाऊन लोकांना उलट्या होत, झटके येत आणि मृत्यू ओढवे. त्यातला दोषी पदार्थ हायपोग्लायसिन १९५४ मध्ये वेगळा काढला गेला. आकी आणि लिची एकाच कुळातली. लिचीच्या बियांत याच जातीचा एमसीपीजी हा पदार्थ १९६२ मध्येच सापडला होता. म्हणजे सुगावा पन्नास वर्षे ग्रंथालयात पडून होता आणि वॉर्डातल्या पहाटेच्या नोंदीशी त्याची गाठ पडायला इतका वेळ लागला.

या पदार्थांचे काम समजले की पहाटेची वेळही समजते. रात्री जेवण नसले तर शरीर आधी यकृतातला साठा वापरते. कुपोषित लहान मुलाचा तो साठा थोडा असतो, मध्यरात्रीनंतर संपतो. मग शरीर चरबी जाळून नवी साखर घडवू पाहते. हायपोग्लायसिन आणि एमसीपीजी हे दोन्ही पदार्थ नेमका तोच रस्ता अडवतात. मेंदूला साखर मिळत नाही आणि अर्धवट जळालेल्या चरबीचे घटक रक्तात साचतात. पोटभर जेवून झोपलेल्या मुलाला हा रस्ता लागतच नाही, म्हणून तीच लिची खाऊन ते सकाळी खेळायला जाते.

प्रतिस्पर्धी गृहीतके अशी होती. स्थानिक बालरोगतज्ज्ञांपैकी काहींनी उष्णता आणि दमटपणा यांच्याशी रुग्णसंख्येचे नाते दाखवले होते. काहींना कीटकनाशकांचा संशय होता. बांगलादेशच्या दिनाजपूर भागात २०१२ मध्ये लिचीच्या बागांजवळ राहणाऱ्या चौदा मुलांपैकी तेरा मुले दगावली, तेव्हा तिथल्या अभ्यासकांनी फवारणीच्या विषाकडेच लक्ष वेधले होते. आणि अजून न सापडलेला एखादा विषाणू, ही शक्यता कोणी पूर्ण सोडली नव्हती.

गृहीतकाची परीक्षा

२०१४ च्या पथकाने १०४ आजारी मुलांची तुलना त्याच वयाच्या, दुसऱ्या आजारांसाठी दाखल झालेल्या १०४ मुलांशी केली. आजारापूर्वीच्या चोवीस तासांत लिची खाल्लेली असण्याचे प्रमाण, संख्याशास्त्राच्या मापात, आजारी मुलांत साडेनऊ पटींहून थोडे अधिक निघाले. संध्याकाळचे जेवण चुकलेले असण्याचे प्रमाण सव्वादोन पटींच्या आसपास होते. त्याहून सूचक गोष्ट म्हणजे या दोहोंचा एकमेकांवरचा परिणाम. जेवलेल्या मुलांत लिचीशी आजाराचा संबंध साडेतीन पटींच्या आसपास होता, न जेवलेल्यांत तो जवळपास आठ पटींवर गेला. जीवशास्त्रावरून जे अपेक्षित होते तेच आकड्यांत उमटले.

प्रयोगशाळेने साथ दिली. तपासलेल्या ७३ आजारी मुलांपैकी ४८ मुलांच्या लघवीत त्या पदार्थांचे अंश सापडले, तुलनेच्या १५ मुलांपैकी एकातही नाही. चरबी अर्धवट जळाल्याची रक्तातली खूण ८० पैकी ७२ नमुन्यांत होती. संसर्गाच्या आणि कीटकनाशकांच्या चाचण्यांतून कारण ठरेल असे काही निघाले नाही. लिचीच्या गरात दोन्ही पदार्थ मिळाले आणि कच्च्या फळात ते अधिक होते.

काय उरले आहे

या अभ्यासावर घेतलेल्या काही हरकतींचे उत्तर अजून पूर्ण मिळालेले नाही. एक तृतीयांश मुलांच्या लघवीत अंश का नव्हते? नमुना उशिरा घेतला गेला असेल, किंवा त्या मुलांचा आजारच वेगळा असेल. दोन्ही शक्य आहे. तुलनेची मुले रुग्णालयातून घेतली होती. ती लिचीच्या बागांपासून दूरच्या गावांतून आली असतील तर लिचीचा संबंध वाजवीपेक्षा मोठा दिसू शकतो. मूल दिवसभरात काय खाऊन आले हे पालकांना विचारावे लागले आणि आजारी मुलाच्या आईने अधिक खोदून आठवले असणे स्वाभाविक आहे. लघवीतला अंश या आठवणीवर अवलंबून नाही, म्हणून माझ्या मते पारडे लिचीकडे झुकतेच, पण किती झुकते हे या अभ्यासाने पक्के सांगता येत नाही. पिकलेल्या फळावर आळ घालू नये, असे लिची उत्पादकांचे म्हणणे आहे आणि कच्च्या-पिकलेल्यातला फरक पाहता ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

उन्हाचा प्रश्नही शिल्लक आहे. मधली काही वर्षे रुग्ण घटल्यावर २०१९ च्या कडक उन्हाळ्यात साथ पुन्हा उसळली आणि शंभराहून अधिक मुले गेली. लिची दर वर्षी पिकते, मग काही वर्षे इतकी वाईट का जातात? उष्णतेने भूक मरते, मूल जेवण टाळते, शरीर आधीच थकते. तेव्हा ऊन हे वेगळे कारण नसून त्याच साखळीतली एक कडी असेल, असा समन्वय काही जण सुचवतात. तो पटण्यासारखा आहे, पण तो सिद्ध करायचा तर तापमान, फळांचा हंगाम आणि मुलांचे जेवण यांची अनेक वर्षांची सलग नोंद लागेल. मधल्या वर्षांतली घट ‘मुलाला उपाशी झोपवू नका’ या मोहिमेमुळे झाली की आपोआप, हेही तुलनेशिवाय ठरत नाही.

कृतीसाठी मात्र हे सगळे सुटण्याची वाट पाहावी लागत नाही, यावर आज सर्व बाजूंचे एकमत दिसते. झटके येत असलेल्या मुलाच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजायला मिनिटभरही लागत नाही आणि ती कमी असेल तर शिरेतून ग्लुकोज देणे प्राथमिक आरोग्य केंद्रातही शक्य आहे. मुझफ्फरपूरच्या गावांतून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता काही तासांचा असतो. तो सुरू होण्याआधी ही साखर मोजली गेली पाहिजे.